नव्वद पॉइंट सत्तावीस

माझी बायको दीपमाला जानेवारीत गेली. कावीळ झाली म्हणून दवाखान्यात नेलं आणि लिव्हर निकामी झालंय असं कळलं. पुढच्या महिन्यात सलोनीची बारावीची परीक्षा होती आणि एप्रिलच्या शेवटी इंजिनिअरिंगची सीईटी. सलोनी आमची एकुलती एक मुलगी.

दीपमाला तळवड्याला एका पॅकिंगच्या कंपनीत कामाला होती. तिची कंपनी आणि आयटी पार्क यांच्यामध्ये एकच रस्ता. सकाळी ती कामावर जाताना समोर बसमधून मुली उतरायच्या, गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. ती घरी येऊन मला सांगायची, "आपली सलोनी तिथं उतरली पाहिजे. कॉम्प्युटरच करायचं तिनं." महामार्गाजवळचं एक कॉलेजही तिनं ठरवून ठेवलं होतं. तिच्या सुपरवायझरची मुलगी तिथं शिकत होती. शेवटच्या आठवड्यात तिला फार बोलता येत नव्हतं, तेव्हाही तिनं मला हेच विचारलं, "कॉम्प्युटर होईल ना?" मी होईल म्हणालो.

त्यामुळे ती गेल्यावर माझ्यापुढे एवढंच काम होतं. सलोनीला त्या कॉलेजात कॉम्प्युटरची जागा मिळाली पाहिजे. बाकी कशात माझं लक्ष नव्हतं.

मी महाळुंग्याला एका प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर आहे. पत्र्याचे ब्रॅकेट बनवतो. शिक्षण दहावी. सीईटी म्हणजे काय, ती कशी तपासतात, हे मला ठाऊक नव्हतं. सलोनी क्लासला जायची, मी फी भरायचो. घरातलं ते खातं दीपमालाकडे होतं. क्लासच्या मॅडमना भेटायलाही तीच जायची.

बारावीत सलोनीला एकसष्ट टक्के पडले. ज्या घरात महिन्यापूर्वी असं झालं, त्या घरातल्या पोरीनं एवढे मिळवले हेच खूप. मी तिला काही बोललो नाही. तीच म्हणाली, "पप्पा, बारावीचे टक्के इंजिनिअरिंगला धरत नाहीत. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून पंचेचाळीस टक्के असले की फॉर्म भरता येतो. मला बावन्न आहेत. पुढचं सगळं सीईटीवर."

मग मे महिन्यात सीईटीची उत्तरं आली. म्हणजे आपण काय उत्तर दिलं होतं आणि बरोबर काय होतं, दोन्ही वेबसाइटवर दिसतं. निकाल त्याच्यानंतर लागतो. सोपानरावांचा अजिंक्यही परीक्षेला बसला होता. सोपानराव आमच्या कंपनीत फोरमन, आमच्याच तालुक्यातले, आणि तळवड्यात आमच्या मागच्या गल्लीत राहतात. दोन्ही पोरं आमच्याच खोलीत बसून उत्तरं जुळवत होती. मी आणि सोपानराव चहा घेत बाहेर कट्ट्यावर बसलो होतो.

अजिंक्य आधी बाहेर आला. "पप्पा, एकशे सात."

"कितीपैकी?"

"दोनशे."

सोपानरावांनी मोबाइल काढून हिशेब केला. "साडेत्रेपन्न टक्के. अरे लेका, सेकंड क्लास! एवढी फी भरली त्याचं हे?"

"पप्पा, तसं नसतं ते."

"कसं असतं मग? पन्नास म्हणजे पन्नासच असतं सगळीकडं." मग त्यांनी आत हाक मारली, "सलोनी, तुझं किती गं बाय?"

ती दारात आली. "अठ्ठ्याण्णव, काका."

क्षणभर मला आनंद झाला. शंभराला दोनच कमी असं वाटलं. सोपानराव माझ्याकडं बघत म्हणाले, "दोनशेपैकी हां, ज्योतीराम. एकोणपन्नास टक्के."

सलोनी आत निघून गेली. मी चहाचा कप तसाच धरून बसलो. आमच्या खात्यात शंभर ब्रॅकेटमधले दोन जरी खराब निघाले तरी साहेब लाइनवर येऊन उभा राहतो. एकोणपन्नास म्हणजे निम्म्याहून जास्त चुकलं. मला दुसरा कुठला हिशेब येत नव्हता.

सोपानराव वाईट माणूस नाही. त्यांना माझी काळजी होती. ते म्हणाले, "हे बघ, मन घट्ट कर. आपल्या शेजारच्या कंपनीत कमवा आणि शिका सुरू आहे. बारावी सायन्सची पोरं घेतात, तीन वर्षांत डिप्लोमा होतो, वर पगार मिळतो. मुलीपण घेतात. जूनअखेर भरती आहे. मी एचआरला नाव देऊन ठेवतो."

"आणि अजिंक्य?"

"त्याचंपण देतो की. माझं पोरगं काय आभाळातून पडलंय?"

मी हो म्हणालो. सलोनीला विचारलं नाही. संध्याकाळी तिला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. तिनं एवढंच विचारलं, "निकाल लागेपर्यंत तरी थांबायचं का?" मी म्हणालो, "मार्क तर कळले ना आता. निकालात वेगळं काय येणार?" ती परत भाजी चिरायला लागली. ती हल्ली फार बोलतच नव्हती. आई असताना तिच्याशी बोलायची.

निकालात वेगळं आलं.

जूनच्या मध्यावर मी पहिल्या शिफ्टला होतो. जेवणाच्या सुट्टीत सलोनीनं निकालाचा फोटो पाठवला, मोबाइलच्या स्क्रीनचा. इंग्रजीत तिचं नाव होतं, आईच्या रकान्यात दीपमालाचं नाव होतं आणि खाली टोटलपुढे ९०.२७ आणि पुढे आणखी बरेच आकडे. मी तो फोटो दोनदा मोठा करून बघितला. नव्वद टक्के. एकोणपन्नासाचे नव्वद झाले होते. पेपर कुणीतरी नीट तपासला, आधी चूक होती, असं मी स्वतःशीच ठरवून टाकलं. मी कँटीनमध्येच रडलो. शेजारचा पोरगा घाबरला, त्याला वाटलं परत कुणी गेलं.

सुटल्यावर मी निगडीहून दोन किलो पेढे घेतले. लाइनवर वाटले, गल्लीत वाटले, दीपमालाच्या कंपनीच्या गेटवर जाऊन तिच्या बायकांना वाटले. सगळ्यांना सांगितलं, "सलोनीला नव्वद टक्के पडले." त्या बायका रडल्या. आमच्या भागातल्या मराठवाड्याच्या लोकांचं एक मंडळ आहे, त्याचे सोपानराव अध्यक्ष. मंडळाच्या ग्रुपवरही मी तेच टाकलं. दोनशे माणसांनी हात जोडले आणि फुलं पाठवली.

घरी आलो तर सलोनी म्हणाली, "पप्पा, तुम्ही ग्रुपवर टक्के असं का लिहिलं?"

"मग काय लिहायचं?"

"ते पर्सेंटाइल आहेत."

"तेच की. इंग्रजीत."

"तेच नाही ओ." तिनं जमिनीवर बसून मला सांगायला घेतलं. "मार्क मला अठ्ठ्याण्णवच आहेत. एकोणपन्नास टक्केच. ते बदललेले नाहीत. निकालात मार्क देतच नाहीत. माझ्या पेपरला बसलेल्या मुलांत माझा नंबर कुठं लागतो, ते देतात. शंभरातल्या नव्वद जणांना माझ्याएवढे किंवा माझ्यापेक्षा कमी मार्क आहेत, असा त्याचा अर्थ."

"म्हणजे तू नव्वद जणांच्या पुढं."

"हो. नव्वदच्या थोडं वरच."

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलं आहे," ती म्हणाली. पण तिचं तोंड काही चांगलं झाल्यासारखं नव्हतं. "फक्त टक्के म्हणू नका. माझ्या क्लासच्या मुलींचे आईवडील त्या ग्रुपवर आहेत. त्या हसतील."

मी म्हणालो, बरं. पण मला त्यात फरक वाटला नाही. एकोणपन्नास टक्क्यांनी मी इतका खचलो होतो की आता नव्वद हा आकडा कुणी काढून घेऊ नये, एवढंच मला हवं होतं. कमवा आणि शिकामधून मी तिचं नाव काढायला लावलं. सोपानरावांनी काढलं, पण फोनवर ते थोडे तुटक बोलले. अजिंक्यला एकोणनव्वद पॉइंट चार आले होते, हे मला नंतर कळलं.

पुढच्या रविवारी मंडळाचा गुणवंतांचा सत्कार होता. दरवर्षी असतो. शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या, नारळ, शाल, भिंतीवर फ्लेक्स. फ्लेक्सवर सलोनीचा दहावीचा फोटो होता, दोन वेण्यांचा, आणि खाली लिहिलं होतं, "सीईटी परीक्षेत ९०.२७% गुण मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन". शेजारी अजिंक्यचा फोटो. "८९.४% गुण". सलोनी तो बघून दारातच थांबली.

"पप्पा, मी नाही आत येत."

"अगं लोक आलेत."

"ते खोटं आहे."

"सोपानकाकांनी प्रेमानं केलंय. दोन मिनिटांचं काम आहे."

ती आली, माझ्यासाठी. स्टेजवर तिला नारळ दिला आणि सूत्रसंचालन करणारे गुरुजी म्हणाले, "दोन शब्द बोल बाळा. आईची आठवण सांग." मला वाटलं ती रडेल. ती माइकजवळ गेली आणि म्हणाली, "माझ्या फ्लेक्सवर चूक आहे. मला नव्वद टक्के गुण नाहीत. दोनशेपैकी अठ्ठ्याण्णव आहेत. नव्वद हे पर्सेंटाइल आहे. धन्यवाद." आणि खाली उतरली.

हॉलमध्ये कुजबुज झाली. मागच्या रांगेतून एक बाई मोठ्यानं म्हणाल्या, "अठ्ठ्याण्णव म्हणजे पन्नासपण नाहीत की! मग सत्कार कशाचा?" कुणीतरी हसलं.

कार्यक्रम संपल्यावर सोपानरावांनी आम्हाला बाजूला घेतलं. "काय गरज होती गं सलोनी? मंडळाची शोभा केलीस. आणि आता तूच म्हणालीस म्हणून विचारतो. माझ्या पोराला एकशे सात. तुला अठ्ठ्याण्णव. मग तू त्याच्या पुढं कशी? कुठंतरी घोळ आहे. मी अर्ज करणार आहे."

"कुणावर अर्ज करणार?" मी विचारलं. मलाही राग आला होता. "माझ्या पोरीनं कॉपी केली म्हणता का?"

"मी तसं म्हणालो नाही. तुझ्या मनात आलं."

"पप्पा, बास करा," अजिंक्य मध्ये पडला. "आमचे पेपर वेगळे होते. परीक्षा बरेच दिवस चालते, रोज सकाळ-दुपार वेगळा पेपर. माझा सोपा होता, सगळ्यांनाच मार्क पडले. हिचा फिजिक्स बेकार होता. हिच्या पेपरात सगळेच खाली आले, म्हणून अठ्ठ्याण्णवला ती वर राहिली. ज्यानं त्यानं आपापल्या पेपरच्या पोरांतच मोजायचं असतं. पेपर वेगळे म्हणूनच तर मार्क न देता पर्सेंटाइल देतात."

"म्हणजे तुझे नऊ मार्क गेले पाण्यात?"

"गेले. जाऊ द्या की. तिकडं वडापाव संपायला लागलेत."

सोपानराव हसले नाहीत. मीही नाही. आम्ही दोघं वीस वर्षं एकमेकांच्या घरी जेवलेलो. त्या दिवशी ते निरोप न घेता गेले.

कॉलेजचा फॉर्म भरायच्या आधी मी पहिल्यांदा सलोनीच्या क्लासला गेलो. वासंती मॅडम गणित शिकवतात. त्यांनी दीपमालाबद्दल चार शब्द विचारले. मग मी म्हणालो, "मॅडम, ते महामार्गाजवळचं कॉलेज आणि कॉम्प्युटर. एवढं बसवून द्या. नव्वद आहेत आता."

मॅडमनी मागच्या वर्षीची यादी लॅपटॉपवर उघडली आणि बोट ठेवलं. "इथं कॉम्प्युटर सत्त्याण्णव पॉइंट आठला बंद झालं, म्हणजे शेवटची जागा तिथं गेली. मुलींच्या राखीव जागांना थोडं खाली, सत्त्याण्णवला."

"नव्वद आणि सत्त्याण्णव. सातच कमी पडतात."

मॅडमनी लॅपटॉप बाजूला सरकवला. "ज्योतीरामभाऊ, हे सात म्हणजे सात मार्क नव्हेत. सात टक्केही नव्हेत. ही माणसं आहेत." त्यांनी कागद ओढला. "समजा, सलोनीच्या पेपरला वीस हजार मुलं बसली. त्यातल्या अठरा हजार चोपन्न जणांना अठ्ठ्याण्णव किंवा त्याहून कमी मार्क पडले. सलोनी त्यांच्यातच आली. अठरा हजार चोपन्न भागिले वीस हजार, गुणिले शंभर. नव्वद पॉइंट सत्तावीस. आलं ना लक्षात? आता हिच्या वर किती राहिले?"

"दोन हजाराला थोडे कमी."

"एका पेपरात. सगळे पेपर मिळून चार लाखांवर मुलं होती. म्हणजे हिच्या पुढं चाळीस हजारांच्या आसपास. आणि सत्त्याण्णववाल्याच्या पुढं बारा-तेरा हजार. मधली पंचवीस-तीस हजार पोरं ओलांडल्याशिवाय ती जागा मिळत नाही."

मी तो कागद बघत बसलो. नव्वद जणांच्या पुढं, एवढंच मी धरून बसलो होतो. पुढं कोण आहे ते मोजलंच नव्हतं. चाळीस हजार म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावात जेवढी माणसं आहेत, त्याहून जास्त. ती सगळी रांगेत सलोनीच्या पुढं उभी.

"वाईट नाही हे," मॅडम म्हणाल्या. "चांगलंच आहे. त्याच कॉलेजात मेकॅनिकल एकोणनव्वदच्या जवळ बंद झालं होतं. मिळण्यासारखं आहे. यंदा थोडं वरखाली होईल, पण आहे."

सलोनी पटकन म्हणाली, "मला चालेल." तिनं ते इतकं लगेच म्हटलं की माझ्या लक्षात आलं, तिनं ही यादी आधीच बघितलेली होती.

"नाही," मी म्हणालो. "कॉम्प्युटरच."

घरी आमचं मोठं बोलणं झालं. बोलणं म्हणजे मीच बोललो. तुझ्या आईची एकच इच्छा होती. मी तिला शब्द दिलाय. मेकॅनिकल करून माझ्यासारखी पत्र्याच्या आवाजात उभी राहणार का? सलोनी म्हणाली, दुसऱ्या कॉलेजांतलं कॉम्प्युटर टाकू, लांबची टाकू. तिकडचेही आकडे नव्वदच्या वरच होते, आणि जी खाली होती ती इतक्या लांब की तिला एकटीला पाठवायची माझी तयारी नव्हती. शेवटी मी म्हणालो, "फॉर्ममध्ये फक्त तीन नावं टाक. तिन्ही कॉम्प्युटर, तिन्ही इथली. लागलं तर लागलं. नाहीतर एक वर्ष थांब, परत परीक्षा दे."

तिनं तीन नावं टाकली. मॅडमचा फोन आला, "भाऊ, निदान खाली मेकॅनिकल तरी टाका, यादी लांब ठेवली तर काही बिघडत नाही. वरचं मिळालं नाही तरच खालचं बघतात." मी म्हणालो, "आमचं ठरलंय."

जागावाटपाच्या पहिल्या फेरीत सलोनीला जागा लागली नाही. तिन्ही ठिकाणी नाही. अजिंक्यला मेकॅनिकल लागलं, दुसऱ्या एका कॉलेजात. त्याच्या घरून पेढे आले नाहीत. मीही विचारायला गेलो नाही.

त्या दिवशी मी दुसऱ्या शिफ्टला जाणार होतो. दुपारी जेवायला बसलो तर सलोनीनं ताट वाढलं आणि समोर बसली. तिनं स्वतःला वाढून घेतलं नव्हतं.

"पप्पा, मी परत परीक्षा देणार नाही."

"अगं, यंदा घरात असं झालं म्हणून अठ्ठ्याण्णव. पुढच्या वर्षी एकशे तीस पडतील."

"पडतीलही. पण पर्सेंटाइल किती येईल ते तुम्ही सांगू शकता का? मी तीस मार्क वाढवले आणि बाकीच्यांनीही वाढवले तर मी जिथल्या तिथंच. पेपर सोपा आला तर अजून खाली. अजिंक्यचं काय झालं बघितलं ना तुम्ही?" तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. "आणि दुसरं सांगू? ते लोक घरात काय झालं ते मोजत नाहीत. मला वाटायचं मोजतील. पेपर सोडवताना वाटायचं की माझं थोडं तरी वेगळं धरतील. पण त्यात फक्त एवढंच असतं की माझ्या खाली किती जण आणि वर किती. तसंच पाहिजेपण. वरच्यांच्या घरीसुद्धा कुणी ना कुणी गेलं असेल."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"मम्मीचं ऐकायचं नाही असं नाही," ती म्हणाली. "पण मम्मीनं ते कॉलेज बघितलं आणि त्या मुली बघितल्या. तिला मेकॅनिकल कुणी दाखवलंच नव्हतं. तुम्ही कधी घरी सांगितलं, तुम्ही काय करता ते? मला तर अजून माहीत नाही. मला वर्षभर या खोलीत बसून तेच पेपर सोडवायचे नाहीत, पप्पा. तिचा बिछाना होता त्याच जागेवर मी टेबल लावलंय. मला इथून सकाळी बाहेर जायचंय."

मला वाटत होतं की मी दीपमालाचं काम पुढं नेतोय. सलोनी रोज त्या कोपऱ्यात बसते, हे मला दिसत होतं आणि मी अभ्यास चाललाय असं समजत होतो.

मी ताटावरून उठलो, हात धुतले. म्हणालो, "दुसऱ्या फेरीचा फॉर्म कधी आहे?"

"उद्यापासून. या फेरीत पहिल्या तीन नावांतलं एखादं लागलं तर ते घ्यावंच लागतं. पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही."

"म्हणजे माघार नाही."

"नाही."

"कॉम्प्युटर वर टाकायचं का? लागणार तर नाहीच. नुसतं नाव राहू दे."

मी हे का विचारलं ते मलाही सांगता येत नाही. सलोनीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "टाकू या. पहिलं कॉम्प्युटर, दुसरं मेकॅनिकल. यादीत वर टाकल्यानं खालचं जात नाही."

"आणि समजा लागलंच कॉम्प्युटर?"

"तर जाईन. पण नाही लागणार, पप्पा."

नाही लागलं. दुसरं नाव लागलं, मेकॅनिकल, तेच कॉलेज. यंदा ते नव्वदला बंद झालं होतं. पॉइंट सत्तावीसनं सलोनी आत आली. आकडे इतके बारीक का देतात असं मला वाटायचं. आता वाटलं की त्या सत्तावीसच्या आणि शून्याच्या मध्येसुद्धा हजारभर पोरं उभी असतील.

प्रवेशाला मी सुट्टी टाकून गेलो. कॉलेजच्या फाटकात सोपानराव भेटले. अजिंक्यला दुसऱ्या फेरीत इथं मिळतंय का बघायला आले होते. त्याला एकोणनव्वद पॉइंट चार, त्यामुळे थोडक्यात हुकलं होतं.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं. मेकॅनिकल."

"चांगलं झालं. कमवा-शिकाचं त्या दिवशी मी उगाच..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "अजून एक-दोन फेऱ्या आहेत. नाहीतर पहिलं मिळालंय ते आहेच की त्याचं."

"लागेल कुठंतरी," मी म्हणालो. ते गाडी काढून निघून गेले.

कागद तपासणाऱ्या बाईंनी सलोनीची फाइल बघितली, शिक्का मारला आणि पावती दिली. बाहेर आल्यावर सलोनीनं मला विचारलं, "पप्पा, प्रेस शॉपमध्ये नेमकं काय होतं?"

मी सांगायला सुरुवात केली. वर पंच असतो, म्हणजे दाबणारा ठोकळा, खाली डाय, म्हणजे साचा, मध्ये पत्रा. आधी आकार कापायचा, मग भोकं, मग वाकवायचं. बस येईपर्यंत मी सांगत होतो. ती घाई न करता ऐकत उभी राहिली. दीपमालाला मेकॅनिकल पटलं असतं की नाही, मला माहीत नाही. एवढ्या वर्षांत मी तिलाही माझं काम कधी सांगितलं नव्हतं.